८५:१५ की १००:०? स्मॉल कॅपचा वाटा ठेवू पाहणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

समजा, आजवर जमलेले १० लाख रुपये निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात आहेत आणि दरमहा २० हजारांची एसआयपी चालू आहे. पीपीएफ, ईपीएफ, ठेवी हे सगळं वेगळं; त्याला इथे हात लावायचा नाही. आता मनात येतं, की या शेअर बाजारातल्या पैशापैकी ८५ टक्के आहे तिथेच ठेवावेत आणि १५ टक्के लहान कंपन्यांमध्ये घालावेत. ८५ चा तो कोअर, १५ चा तो सॅटेलाइट. कोअर मुकाट्याने बाजाराबरोबर चालेल, सॅटेलाइटमधून जरा जास्तीचं मिळेल, आणि तो बुडालाच तरी घर चालतच राहील.

कल्पना म्हणून यात खोट काढण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच, की शंभर टक्के कोअर ठेवणाऱ्यापेक्षा हा माणूस खरंच पुढे जातो का, आणि जात असेल तर कशामुळे. लहान कंपन्यांवर बोलताना मंडळी गेल्या चार-पाच वर्षांचा परतावा सांगतात आणि थांबतात. म्हणून मी मुद्दाम गैरसोयीचं वर्ष निवडून हिशोब मांडतो.

१० लाखांचं सात वर्षांत काय झालं

२०१७ हे लहान कंपन्यांचं सोनेरी वर्ष होतं. निफ्टी स्मॉलकॅप १०० हा लहान कंपन्यांचा निर्देशांक त्या एका वर्षात साधारण ५७ टक्के वाढला. त्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये स्मॉल कॅपकडे वळलेले लोक पुष्कळ होते. त्यांच्याच जागी उभं राहून पाहू.

वर्षागणिक आकडे असे (निर्देशांकातला बदल, पूर्णांकांच्या जवळपास आणलेला, लाभांश आणि खर्च न धरता). निफ्टी ५० मध्ये २०१८ ते २०२४ या सात वर्षांत अनुक्रमे ३, १२, १५, २४, ४, २० आणि ९ टक्के वाढ झाली. स्मॉलकॅप १०० मध्ये पहिल्या वर्षी २९ टक्के घट, दुसऱ्या वर्षी साडेनऊ टक्के घट, मग साडेएकवीस आणि ५९ टक्के वाढ, मग १४ टक्के घट, मग साडेपंचावन्न आणि २४ टक्के वाढ.

आता तीन माणसं घ्या. पहिल्याने सगळे पैसे निफ्टी ५० मध्येच ठेवले. दुसऱ्याने ८५:१५ केलं आणि नंतर ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्याने ८५:१५ केलं आणि दर वर्षअखेरीस वाटा पुन्हा ८५:१५ वर आणला. नवी एसआयपी बाजूला ठेवू, फक्त सुरुवातीच्या १० लाखांचं पाहू.

| वर्षअखेर | फक्त कोअर | ८५:१५, न हलवता | ८५:१५, दरवर्षी जुळवून |
|---|---|---|---|
| २०१८ | १०.३० लाख | ९.८२ लाख | ९.८२ लाख |
| २०१९ | ११.५४ लाख | १०.७७ लाख | १०.६८ लाख |
| २०२१ | १६.४५ लाख | १५.८५ लाख | १६.०१ लाख |
| २०२४ | २२.३८ लाख | २२.११ लाख | २२.६१ लाख |

सात वर्षांनंतर तिघांमध्ये जास्तीत जास्त फरक ५० हजारांचा, तोही २२ लाखांवर. तिसऱ्याचा कर आणि खर्च धरला तर तोही आणखी घटेल. शिवाय निफ्टी ५० मधल्या कंपन्या लाभांश थोडा जास्त देतात, तो धरला तर पहिल्याचं पारडं किंचित वर जाईल. थोडक्यात, तिघे एकाच ठिकाणी पोचले. वाटेत मात्र दुसऱ्या-तिसऱ्याला दोन वर्षं मान खाली घालून बसावं लागलं.

हाच हिशोब जानेवारी २०२० पासून सुरू केला तर चित्र उलटं होतं. फक्त कोअरवाल्याचे १० लाख २०२४ अखेर १९.४० लाख होतात आणि ८५:१५ न हलवणाऱ्याचे २१.२९ लाख. जवळजवळ दोन लाखांचा फरक, आणि तो आणला कुणी? फक्त दीड लाखाच्या वाट्याने, त्याचे ४.८० लाख झाले. लोक बहुतेक हेच उदाहरण सांगतात. आकडे खोटे नसतात, सुरुवातीचं वर्ष सोयीचं असतं एवढंच.

या दोन सुरुवातींमधून माझा निष्कर्ष असा, की १५ टक्क्यांचा वाटा एका पूर्ण चक्रात एकूण रक्कम फारशी बदलत नाही. कोणत्या वर्षी शिरलात आणि खाली गेल्यावर काय केलंत, यावर बराचसा फरक ठरतो. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही. म्हणून ८५:१५ की १००:० हे ठरवताना दुसऱ्या गोष्टीकडेच पाहावं लागतं.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये तुम्ही काय केलं असतं?

वरच्या दुसऱ्या माणसाचा सॅटेलाइट २०१९ च्या शेवटी ९६ हजारांवर आला होता. घातले होते दीड लाख. त्याच दोन वर्षांत त्याचा कोअर साडेआठ लाखांवरून ९.८१ लाखांवर गेला. म्हणजे बाजार पडला म्हणून सगळंच पडलं, अशीही सबब नव्हती. रोज सकाळी अ‍ॅप उघडलं की वरची रांग हिरवी आणि खालची लाल. त्याच्यानंतर तीनच महिन्यांनी मार्च २०२० आला. जानेवारी २०१८ च्या शिखरापासून मोजलं तर स्मॉलकॅप १०० तेव्हा जवळपास दोन तृतीयांशाने खाली होता, आणि ते शिखर परत दिसायला २०२१ चा मध्य उजाडला. साडेतीन वर्षं.

या टप्प्यावर बरेच जण ‘चूक झाली, बाहेर पडू’ म्हणतात. आपल्या हिशोबातला माणूस २०१९ अखेर बाहेर पडला आणि ते ९६ हजार कोअरमध्ये टाकले, असं धरा. २०२४ अखेर त्याच्याकडे २०.८९ लाख. न हलवणाऱ्याकडे २२.११ लाख. आणि या वाटेला मुळी गेलाच नाही त्याच्याकडे २२.३८ लाख. दीड लाखाच्या वाट्याने एकूण रकमेत जवळजवळ तेवढाच खड्डा पाडला. सॅटेलाइट ठेवून मध्येच सोडणं हा सर्वांत महाग पर्याय आहे, तो न ठेवण्यापेक्षा कितीतरी महाग.

तेव्हा निवड करण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हा: माझा वाटा दोन वर्षं सलग घटला, शेजारचा इंडेक्स फंड वर गेला, तर मी त्यात आणखी पैसे घालीन का? नुसतं थांबण्याची गोष्ट नाही, घालण्याची आहे. उत्तर ‘बघू तेव्हा’ असेल तर १००:० घ्या. यात कमीपणा काहीच नाही.

वाटा जुळवणं: खाली गेल्यावर सोपं, वर गेल्यावर अवघड

ज्यांचं उत्तर ‘घालीन’ असं आहे त्यांच्यासाठी पुढचा भाग. तक्त्यातला तिसरा माणूस दर वर्षअखेर विकून-घेऊन वाटा जुळवतो. प्रत्यक्षात पगारदार माणसाला इतकी विक्री करायची गरज नसते, कारण दरमहा नवे २० हजार येत असतात. पण हे नवे पैसे एकाच दिशेला नीट काम करतात, आणि हे फार कमी ठिकाणी सांगितलेलं दिसतं.

२०१९ अखेरची स्थिती घ्या. कोअर ९.८१ लाख, सॅटेलाइट ०.९६ लाख, म्हणजे जेमतेम ९ टक्के. कोअर आहे तितकाच राहिला तर १५ टक्क्यांसाठी सॅटेलाइट १.७३ लाख हवा. कमी पडतात ७७ हजार. चार महिने पूर्ण एसआयपी स्मॉल कॅपकडे वळवली की काम झालं. एक रुपयाही विकावा लागला नाही, कर नाही, लवकर विकल्याबद्दल फंड कापतो तो एक्झिट लोड नाही.

आता उलटी स्थिती: २०२० मध्ये सुरुवात करणाऱ्याचं २०२४ अखेरचं चित्र. एकूण २१.२९ लाख, त्यात सॅटेलाइट ४.८० लाख, म्हणजे साडेबावीस टक्के. नवे पैसे फक्त कोअरकडे वळवून हे १५ वर आणायचं तर एकूण रक्कम ३२ लाख व्हायला हवी. म्हणजे आणखी पावणेअकरा लाख. दरमहा २० हजारांनी साडेचार वर्षं लागतील, आणि तोवर बाजार आपली वाट पाहत थांबणार नाही. इथे विकावंच लागतं.

विकताना कर किती? २३ जुलै २०२४ पासून एका वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, पण वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा त्यातून सुटतो. एका वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के. आपल्या माणसाला १५ टक्क्यांवर येण्यासाठी १.६१ लाख रुपयांचे युनिट विकावे लागतील. दीड लाखाचे ४.८० लाख झाले असल्याने विकलेल्या रकमेत नफ्याचा भाग साधारण ६९ टक्के, म्हणजे १.११ लाख. त्या आर्थिक वर्षात दुसरा दीर्घ मुदतीचा इक्विटी नफा नसेल तर कर शून्य. कराला घाबरून वाटा फुगू देणाऱ्यांनी आधी हा हिशोब करून पाहावा. नफा सव्वा लाखाच्या वर जात असेल तर निम्मे युनिट मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये विकले की दोन आर्थिक वर्षांची सवलत मिळते.

मर्यादेबद्दल माझं मत असं, की दर महिन्याला जुळवत बसू नये. वाटा १० च्या खाली गेला तर एसआयपी वळवा, २० च्या वर गेला तर विका, आणि मधल्या पट्ट्यात गप्प बसा. स्मॉल कॅपच्या चाली लांब असतात; वाढ सुरू झाली की ती वर्ष-दोन वर्षं चालते, आणि दर महिन्याला छाटत राहिलात तर त्या वाढीतला बराच भाग आपल्या हाताने कोअरमध्ये नेऊन टाकाल.

तुमच्या कोअरमध्ये स्मॉल कॅप आधीच आहे का?

हे पाहिल्याशिवाय १५ चा आकडा निरर्थक आहे. सेबीच्या २०१७ च्या वर्गवारीत बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढे सगळ्या स्मॉल कॅप. यादी अ‍ॅम्फी ही म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना दर सहा महिन्यांनी काढते. निफ्टी ५० च्या फंडात अर्थातच स्मॉल कॅप नाही. निफ्टी ५०० च्या फंडात ढोबळमानाने दहावा भाग या गटाचा असतो.

खरी गफलत मल्टी कॅप फंडाबाबत होते. सप्टेंबर २०२० च्या सेबीच्या आदेशानंतर मल्टी कॅपला लार्ज, मिड आणि स्मॉल या तिन्हींत किमान २५-२५ टक्के ठेवावेच लागतात. कुणी मल्टी कॅपला कोअर म्हणत असेल तर ८५ टक्क्यांच्या चौथ्या हिश्श्याने २१ टक्के स्मॉल कॅप आधीच झालं. वर १५ टक्क्यांचा स्मॉल कॅप फंड घेतला. त्याला नियमाने किमान ६५ टक्के लहान कंपन्यांत ठेवावे लागतात, म्हणजे आणखी पावणेदहा. एकूण ३१ टक्क्यांच्या आसपास, तेही कमीत कमी. हा माणूस स्वतःला ८५:१५ समजतो, पण २०१८ सारखं वर्ष आलं की त्याला वेगळाच अनुभव येईल. फ्लेक्सी कॅपला अशी सक्ती नाही. तिथे व्यवस्थापक काय करतोय हे महिन्याच्या तपशीलपत्रकात पाहावं लागतं.

एक गोष्ट जाता जाता. ‘लहान’ कंपनी म्हणजे गल्लीतला कारखाना अशी समजूत असेल तर ती सोडा. २०२५ च्या सुरुवातीच्या यादीत अडीचशेव्या कंपनीचं बाजारमूल्य साधारण ३३ हजार कोटी रुपये होतं. त्याच्या खालची प्रत्येक कंपनी स्मॉल कॅप, मग ती ३० हजार कोटींची असो की तीनशे कोटींची. धोका या दोन्हींत सारखा नसतो, नाव मात्र एकच.

वाटा कशातून घ्यायचा: फंड, इंडेक्स की थेट शेअर

व्यवस्थापक स्वतः कंपन्या निवडतो तो सक्रिय स्मॉल कॅप फंड आणि स्मॉलकॅप २५० या निर्देशांकाचा इंडेक्स फंड यांत निवडताना लोक खर्चावर अडकतात. कोअरमध्ये खर्च महत्त्वाचा खराच, कारण तो ८५ टक्के रकमेवर लागतो. सॅटेलाइटवर एक टक्का जास्त गेला तरी एकूण रकमेवर तो ०.१५ टक्के. तेव्हा इथे खर्चापेक्षा दोन वेगळ्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली, इंडेक्स फंड यशस्वी कंपनी हातची सोडतो. कंपनी मोठी होऊन मिड कॅपमध्ये गेली की मार्च किंवा सप्टेंबरच्या फेरबदलात निर्देशांक तिला काढतो आणि फंडाला ती विकावी लागते. उलट, वरच्या गटातून घसरत आलेली कंपनी त्याच फेरबदलात आत येते. सक्रिय फंडाला ३५ टक्क्यांपर्यंत मोकळीक असते, त्यामुळे वाढलेली कंपनी तो ठेवू शकतो आणि हिशेबात गडबड दिसणारी टाळू शकतो. लार्ज कॅपमध्ये मी बिनदिक्कत इंडेक्स म्हणेन. इथे माझा कल सक्रिय फंडाकडे आहे. अट एकच, तो फार मोठा झालेला नसावा.

आणि हीच दुसरी गोष्ट: तरलता. लहान कंपन्यांचे शेअर रोज थोडेच खरेदी-विक्री होतात. फंडाकडे हजारो कोटी आले की त्याला एक तर दीड-दोनशे कंपन्या घ्याव्या लागतात किंवा रोख धरून बसावं लागतं. २०२३ आणि २०२४ मध्ये काही मोठ्या योजनांनी एकरकमी गुंतवणूक घेणं थांबवलं होतं, ते यामुळेच. मार्च २०२४ पासून मिड आणि स्मॉल कॅप योजनांना दर महिन्याला ताणचाचणी जाहीर करावी लागते: पोर्टफोलिओचा २५ टक्के आणि ५० टक्के भाग विकायला किती दिवस लागतील. पहिल्याच अहवालात काही योजना आठवडाभरात निम्मा भाग विकू शकत होत्या, तर एका मोठ्या योजनेला ६० दिवस लागणार होते.

हा आकडा वाचताना एक मेख लक्षात ठेवा. हिशोबात सर्वांत कमी तरल असा २० टक्के भाग आधीच वगळलेला असतो. म्हणजे विकायला सगळ्यात कठीण तेच मोजणीच्या बाहेर. त्यामुळे एकट्या महिन्याच्या आकड्यावरून फंड चांगला-वाईट ठरवू नये. सहा-आठ महिन्यांत दिवस वाढत चाललेत का, ते पाहावं. वाढत असतील आणि फंडाचा आकारही फुगत असेल, तर नवे पैसे दुसऱ्या लहान योजनेत घालणं शहाणपणाचं.

थेट शेअरचा पर्याय ज्यांना खुणावतो त्यांच्यासाठी गणित असं. दीड लाखांत पाच कंपन्या, प्रत्येकी ३० हजार. एक कंपनी पूर्ण बुडाली तर एकूण १० लाखांवर ३ टक्क्यांचा फटका. बोचेल, पण मोडणार नाही. एक पाचपट झाली तर सव्वा लाखाच्या जवळ नफा. कागदावर हे फंडापेक्षा आकर्षक दिसतं. अडचण ही, की लहान कंपनी बुडते तेव्हा बाहेर पडायला दारच नसतं.

२०१८ चं मनपसंद बेव्हरेजेसचं उदाहरण घ्या. वडोदऱ्याची, आंब्याच्या पेयासाठी ओळखली जाणारी कंपनी. त्या वर्षी मे महिन्यात, निकाल जाहीर व्हायच्या तोंडावर, डेलॉइटने लेखापरीक्षकपदाचा राजीनामा दिला. शेअर आपटला आणि त्यानंतर लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका पडू शकतो ती मर्यादा, लागत गेली. लोअर सर्किटला विक्रीच्या ऑर्डरींची रांग लागते आणि घेणारा कुणी नसतो. तुम्ही रोज सकाळी सव्वानऊला ऑर्डर टाकता आणि साडेतीनला ती तशीच रद्द होते. पुढच्या वर्षी जीएसटी चुकवेगिरीच्या प्रकरणात कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांना अटक झाली. यात स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीला आला की विक्रीला जाणारी ऑर्डर, कामाला येत नाही, कारण त्या भावाला कुणी घेणाराच नसतो.

म्हणून थेट शेअर घेणाऱ्याला चार गोष्टी तपासायला वेळ असला पाहिजे. गेल्या पाच वर्षांचा निव्वळ नफा एकत्र करा आणि त्याशेजारी व्यवसायातून आलेली रोख एकत्र करून ठेवा. नफा १०० कोटी आणि रोख ३० कोटी असेल तर बाकीचे ७० कुठे अडकले हे येणी आणि मालसाठ्यात शोधा. तिथेही पटणारं उत्तर नसेल तर पुढे जाऊ नका. प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत ते दर तिमाहीच्या भागधारणा तक्त्यात दिसतं, आणि ते वाढत असतील तर सावध. लेखापरीक्षक मुदतीआधी बदलला का, ते वार्षिक अहवालात आणि एक्स्चेंजवरच्या सूचनांत सापडतं. चौथं, शेअर एक्स्चेंजच्या एएसएम किंवा जीएसएम या देखरेख याद्यांत आहे का. असेल तर मार्जिन आणि भावाच्या मर्यादा कडक होतात, आणि आत शिरलेल्याला बाहेर पडणं आणखी जड जातं.

पाच कंपन्यांसाठी दर तिमाहीला हे करायचं म्हणजे वर्षातून वीस वेळा. रविवारची दुपार यात घालवायला आवडत असेल तर थेट शेअर घ्या. आवड नसताना कुणाच्या तरी टेलिग्राम चॅनेलवरून नावं उचलायची असतील, तर दीड लाखाचा फंड बरा. एसएमई मंचावरचे, म्हणजे अगदी छोट्या कंपन्यांसाठीच्या वेगळ्या बाजारमंचावरचे, शेअर तर या १५ टक्क्यांतही आणू नयेत असं मी म्हणेन. तिथे ठरलेल्या मोठ्या लॉटमध्येच व्यवहार होतो, त्यामुळे ३० हजारांचे तुकडे करून पाच ठिकाणी विभागणंच जमत नाही.

१५ च का?

५ टक्के ठेवले आणि तो वाटा कोअरपेक्षा वर्षाला ५ टक्क्यांनी जास्त वाढला, तरी एकूण परताव्यात भर पडते पाव टक्क्याची. त्यासाठी एक वेगळा फंड, वेगळं लक्ष, वेगळा कर-हिशोब: एवढा व्याप कशाला? ३० टक्के ठेवले तर तो सॅटेलाइट राहत नाही, कोअरच होतो, आणि २०१८-१९ सारख्या काळात संपूर्ण रक्कमच शेजाऱ्याच्या मागे राहते. १० ते २० मधला पट्टा म्हणूनच वापरला जातो, आणि त्यात १५ हा मधला सोयीचा आकडा. तो पवित्र नाही. पहिल्यांदाच करत असाल तर १० वर सुरू करा आणि एक पडझड पाहून घ्या.

एकरकमी दीड लाख एकदम वळवायचे की हळूहळू? आधीच्या वर्षात स्मॉल कॅप ५० टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर मी एकरकमी घालणार नाही. २०१७, २०२१ आणि २०२३ ही तशी वर्षं. पहिल्या दोन्हींच्या पुढच्याच वर्षी घट झाली, तिसऱ्याच्या पुढच्या वर्षी आणखी २४ टक्के वाढ. नियम म्हणून हे सिद्ध होत नाही, पण २० हजारांच्या एसआयपीतले ३ हजार स्मॉल कॅपला आणि १७ हजार कोअरला असं लावून दिलं, तर सुरुवातीच्या वर्षाचं नशीब बरंच बोथट होतं. जमलेल्या १० लाखांपैकी दीड लाख वळवताना जुन्या युनिटवर कर लागणार असेल, तर तेही टाळता येतं: जुने १० लाख तसेच राहू द्या आणि वर्ष-दोन वर्षं नवी एसआयपी थोडी जास्त स्मॉल कॅपकडे ठेवून हळूहळू १० टक्क्यांपर्यंत पोचा.

कुणी काय निवडावं

ज्याला सात वर्षांच्या आत घराच्या हप्त्याला किंवा मुलांच्या फीला हे पैसे लागणार आहेत, त्याने १००:० ठेवावं. वाटेतली साडेतीन वर्षं त्याला परवडणार नाहीत. ज्याला बाजार बघायला आवडत नाही पण लहान कंपन्याही हव्याशा वाटतात, त्याने कोअर निफ्टी ५० ऐवजी निफ्टी ५०० चा घ्यावा. दहा टक्के स्मॉल कॅप आपोआप येतं, वेगळी ओळ अ‍ॅपमध्ये लाल दिसत नाही, आणि वाटा जुळवायचं काम निर्देशांकच करतो. मला वाटतं, ८५:१५ करू पाहणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर हेच हवं असतं.

ज्याची मुदत दहा वर्षांच्या पुढे आहे, कोअर खरोखर लार्ज कॅपचा आहे आणि १० ते २० चा पट्टा कागदावर लिहून ठेवायची तयारी आहे, त्याने ८५:१५ घ्यावं: एक सक्रिय स्मॉल कॅप फंड, दलालाशिवाय थेट घेतलेली डायरेक्ट योजना, आकार आवाक्यातला, ताणचाचणीचे दिवस न वाढणारा. थेट शेअर त्यानंतर, आणि तेही त्याच १५ टक्क्यांमधले ४-५ टक्के काढून, वर आणखी घालून नव्हे. आधीपासून मल्टी कॅप धरून बसलेल्याला सॅटेलाइटची गरजच नाही. त्याला खरं पाहायचंय ते हे, की त्याचे २१ टक्के त्याला झेपताहेत का.